मायबोली आणि राजभाषा : वाशीमच्या संदर्भात एका स्तवनपरंपरेचा विचार

शासकीय कार्यालयांतून फेब्रुवारी महिन्यात मराठीची स्तुतिगीते गाण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. २१ फेब्रुवारी हा युनेस्कोने १९९९ मध्ये घोषित केलेला मातृभाषा दिन होय. त्याच्या मुळाशी ढाक्याचे १९५२ चे भाषा-आंदोलन आहे. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिन मराठी भाषा गौरव दिन म्हणून पाळला जातो. पहिला दिवस कोणत्याही मातृभाषेचा, दुसरा केवळ मराठीचा. गीते मात्र दोन्ही प्रसंगी बहुधा तीच असतात. या गीतांत भाषेच्या कोणत्या स्थानाचे वर्णन असते, आणि वाशीमसारख्या ठिकाणी ते ऐतिहासिक वस्तुस्थितीशी कितपत जुळते, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. १९३९ मध्ये उजेडात आलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटावरून वाकाटकांच्या या शाखेचे अस्तित्व निश्चित झाले. या दानपत्राची भाषा द्विविध आहे. राजवंशाच्या वर्णनाचा भाग संस्कृतात आहे. दानाचा प्रत्यक्ष व्यवहार सांगणारा मजकूर मुख्यतः प्राकृतात आहे. या प्राकृतास मराठी म्हणणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तथापि भाषिक कार्याची वाटणी येथे स्पष्ट दिसते. गौरवासाठी एक भाषा योजिली आहे, कामकाजासाठी दुसरी. म्हणजे भाषेची प्रतिष्ठा आणि भाषेचा कारभारातील वापर या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, याचा एक जुना पुरावा खुद्द वाशीमनेच दिला आहे.

योगायोग असा की, त्याच १९३९ साली माधव ज्यूलियन यांचे निधन झाले. मायबोलीवरील त्यांची सुप्रसिद्ध कविता आजही अशा कार्यक्रमांत गायिली जाते. तिच्या आरंभीच कवी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य करतो : ही आमची मायबोली असली तरी आज ती राजभाषा नाही. पुढील सर्व स्तुती या उणिवेच्या पार्श्वभूमीवर उभी आहे. भाषेला वैभवाच्या स्थानी बसविण्याचा संकल्प हेच कवितेचे सूत्र आहे. कवितेतील हा ‘आज’ त्या काळी वाशीमलाही लागू होता. वाशीम तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताच्या अकोला जिल्ह्यात होते, आणि प्रांताच्या वरिष्ठ कारभाराची भाषा इंग्रजी होती.

ही स्थिती टप्प्याटप्प्याने पालटली. १९५० च्या अधिनियमाने जुन्या मध्यप्रदेशात हिंदी व मराठी या राजभाषा झाल्या. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ संमत झाला व १ मे १९६६ पासून, काही वर्जित प्रयोजने सोडून, शासकीय कामकाजाची भाषा मराठी झाली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची कार्यालये आरंभापासूनच मराठी राजभाषेची कार्यालये होती. यामुळे एक विसंगती उद्भवते. ज्या कार्यालयात मराठी हीच राजभाषा आहे, तेथे ती राजभाषा नसल्याची खंत गायिली जाते. गाणाऱ्यांना ती जाणवत नाही, कारण कालोल्लेखाचा अर्थ झिजून केवळ भाव उरला आहे. अमरावतीच्या सुरेश भटांच्या शब्दांवर कौशल इनामदार यांनी स्वरबद्ध केलेल्या, २०१० मध्ये प्रकाशित झालेल्या मराठी अभिमानगीताचा सूर याहून वेगळा आहे. त्याच्या केंद्रस्थानी राजपदाचा अभाव नसून मराठी बोलणाऱ्यांचे भाग्य आहे.

परंतु खरी अडचण याच्या पलीकडची आहे. याच जिल्ह्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. ज्याच्या घरी गोरमाटी बोलली जाते, त्या कर्मचाऱ्याच्या दृष्टीने ज्यूलियनांचे समीकरण नेमके उलटते : मराठी त्याची राजभाषा आहे, मायबोली नाही. ज्यूलियनांच्या कवितेत भिन्न धर्मांच्या व जातींच्या लोकांना एका भाषेने जोडल्याची कल्पना आहे. पण त्या सर्वांची माता एकच, हे तिचे गृहीतक आहे. कर्मचाऱ्याने मराठीचा गौरव करण्यास त्यामुळे बाध येत नाही. शिकून आत्मसात केलेल्या भाषेविषयीही ममत्व असते. मात्र ‘मातृभाषा दिन’ या नावाखाली केवळ राजभाषेचे स्तवन झाले, तर त्याच्या मातृभाषेला त्या दिवशी जागाच उरत नाही.

यावरून असा निष्कर्ष निघतो की, दोन दिवसांची प्रयोजने भिन्न मानावीत. २७ फेब्रुवारीस मराठीची स्तुतिगीते यथोचित होत. ज्यूलियनांची कविता गाताना तिचा काळ सांगितला, तर तिच्यातील संकल्पाचे मोल श्रोत्यांस कळेल. २१ फेब्रुवारीस मात्र प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडीतील एखादी ओवी व गोरमाटीतील एखादे गीत ऐकू यावे. वत्सगुल्माच्या लेखनिकाने एकाच पत्रात दोन भाषांना आपापले काम दिले होते. आजच्या कार्यालयास ते अशक्य असू नये.