यादृच्छिक क्रमचयातील चक्रांची अपेक्षित संख्या

n वस्तूंचे सर्व n! क्रमचय समसंभाव्य असता एका क्रमचयात सरासरीने येणाऱ्या चक्रांची संख्या; ती Hₙ = 1 + 1/2 + 1/3 + … + 1/n या हरात्मक बेरजेइतकी असते.

क्रमचयांच्या गणनेचा नियम भास्कराचार्यांच्या लीलावतीत (1150) अंकपाश प्रकरणात आहे (→ समचयात्मक विश्लेषण). चक्रसंख्येच्या वितरणाचा अभ्यास मात्र आधुनिक आहे.

सिद्धता थोडक्यात अशी : 1 पासून चक्र लिहीत जावे. पहिल्या पायरीला प्रतिमेसाठी n पर्याय असतात व त्यांपैकी एकच चालू चक्र बंद करतो. म्हणून बंद होण्याची संभाव्यता 1/n. पुढच्या पायरीला ती 1/(n−1) आणि शेवटी 1 होते. चक्र बंद झाल्यास उरलेल्या सर्वांत लहान अंकापासून नवे सुरू करावे. बंद होण्याच्या या संभाव्यतांची बेरीज म्हणजेच Hₙ (→ अपेक्षित मूल्य).

चार वस्तूंच्या 24 क्रमचयांपैकी 6 मध्ये एक, 11 मध्ये दोन, 6 मध्ये तीन व 1 मध्ये चार चक्रे असतात. एकूण चक्रे 50, सरासरी 50/24 = 25/12, म्हणजेच H₄. मोठ्या n साठी Hₙ ≈ ln n + 0.5772; 52 पत्त्यांसाठी Hₙ चे प्रत्यक्ष मूल्य सुमारे 4.54 येते. संख्येच्या मानाने ही वाढ फारच मंद आहे.

हे सूत्र समसंभाव्य क्रमचयांनाच लागू पडते. संगणकीय पिसणीत i व्या घटकाची अदलाबदल 1 ते i ऐवजी चुकून 1 ते i−1 मधील स्थानाशी केल्यास प्रत्येक वेळी एकच चक्र मिळते. सरासरी Hₙ ऐवजी 1 आल्यावर ही चूक लगेच उघड होते.