लॅटिन विधिसंज्ञा (न्यायालयीन कागदपत्रांतील)

भारतीय न्यायालयांचे आदेश, दावे, अर्ज आणि निकालपत्रे यांत मूळ रूपात वापरल्या जाणाऱ्या लॅटिन संज्ञा. सब ज्युडिस, रेस ज्युडिकाटा, एक्स पार्टे, ॲड-इंटरिम, प्रायमा फेसी, लिस पेंडन्स, अमिकस क्युरी, प्रो बोनो या त्यांपैकी नेहमी भेटणाऱ्या. आदेश कोणत्या टप्प्यावर झाला, कोणाचे म्हणणे ऐकून झाला आणि तो किती काळ टिकेल, हे बहुतेक वेळा यांतल्या एका शब्दावरून कळते. पक्षकाराच्या दृष्टीने आदेशातली रक्कम किंवा तारीख जितकी महत्त्वाची, तितकाच हा शब्द महत्त्वाचा असतो. तो नजरेतून सुटला तर हाती आलेल्या कागदाचे वजन चुकीचे मोजले जाते.

या संज्ञा इंग्रजी न्यायपद्धतीबरोबर आल्या. इंग्लंडमध्ये न्यायालयांचे अभिलेख लॅटिनमध्ये ठेवण्याची प्रथा १७३३ पासून कायद्याने बंद झाली, पण रुळलेल्या संज्ञा तशाच राहिल्या आणि पुढे मुंबईच्या न्यायालयांत पोहोचल्या. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असली तरी उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. त्यामुळे तालुक्याच्या आदेशात ‘एकतर्फी’, ‘प्रथमदर्शनी’, ‘जैसे थे’ असे मराठी शब्द येतात आणि तेच प्रकरण अपिलात गेले की त्यांची लॅटिन रूपे दिसू लागतात.

सब ज्युडिस. मराठीत ‘न्यायप्रविष्ट’. या संज्ञेचा वापर दोन वेगळ्या अर्थांनी होतो आणि त्यांची गल्लत सर्रास होते. पहिला अर्थ दिवाणी प्रक्रियेचा. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम १० नुसार, त्याच पक्षकारांमध्ये तोच मुद्दा प्रत्यक्ष आणि मुख्यत्वे वादात असलेला आधीचा दावा सक्षम न्यायालयात प्रलंबित असेल, तर नंतरच्या दाव्याची सुनावणी पुढे चालवता येत नाही. कलमाच्या शीर्षकात ही लॅटिन संज्ञा नाही, पण वकील अर्जात ‘रेस सब ज्युडिस’ असेच लिहितात.

उदाहरण घेऊ. समजा, कराडच्या दिवाणी न्यायालयात थोरल्या भावाने धाकट्यावर वाटपाचा दावा केला. धाकट्याने कैफियतीत वडिलांचे मृत्युपत्र पुढे केले आणि सगळी जमीन आपलीच असल्याचे म्हटले. दोन वर्षांनी त्याच मृत्युपत्राच्या आधारे त्याने मालकी ठरवून मागणारा स्वतंत्र दावाही लावला. आता थोरला दुसऱ्या दाव्यात कलम १० खाली अर्ज करतो आणि पहिल्या दाव्यातील वादपत्र व कैफियतीच्या प्रती जोडतो. न्यायालय स्वतःला एकच प्रश्न विचारते: पहिल्या दाव्याचा अंतिम निकाल लागला, तर तो दुसऱ्या दाव्यात रेस ज्युडिकाटा ठरेल का? मृत्युपत्र खरे की खोटे हा मुद्दा दोन्हीकडे मुख्य असल्याने येथे उत्तर होकारार्थी येते आणि दुसऱ्या दाव्याची सुनावणी थांबते.

थांबते ती फक्त सुनावणी. दुसरा दावा फेटाळला जात नाही, आणि त्यात मनाई हुकुमासारखा तातडीचा अंतरिम आदेश देण्याची न्यायालयाला मुभा असते. ‘सुनावणी’ या शब्दाची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ आणि इंडियन बँक यांच्यातील प्रकरणात ठरवली. महासंघाचा दावा आधीपासून प्रलंबित होता. बँकेने नंतर संक्षिप्त प्रक्रियेचा दावा आणला. प्रतिवादीला बचावाची परवानगी द्यायची की नाही, या टप्प्यापर्यंत असा दावा कलम १० मुळे अडत नाही, असा निर्णय झाला. कलम १० कडे दुर्लक्ष करून दुसऱ्या दाव्यात हुकूमनामा झालाच, तर तेवढ्याने तो शून्यवत होत नाही. म्हणून हा अर्ज वेळेत करावा लागतो.

दुसरा अर्थ सार्वजनिक चर्चेचा. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, बोलता येणार नाही’ असे अधिकारी आणि मंत्री सांगतात. विधिमंडळाच्या कामकाज नियमांत न्यायप्रविष्ट बाबीवरील चर्चेला मर्यादा आहेत, हे खरे. सभागृहाबाहेर मात्र सरसकट बोलण्यावर बंदी नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ४ प्रमाणे न्यायालयीन कामकाजाचा यथार्थ आणि अचूक वृत्तांत देणे हा अवमान नव्हे. निकालाला धक्का पोहोचेल किंवा साक्षीदारावर दबाव येईल असे लिखाण अवमान ठरू शकते. दावा दाखल आहे एवढेच सांगून कागद दाखवायला नकार देणाऱ्या कार्यालयाला या संज्ञेचा आधार नाही. माहिती अधिकार अधिनियम, २००५ मध्येही न्यायालयाने स्पष्ट मनाई केलेली किंवा जिच्या प्रकटनाने न्यायालयाचा अवमान होईल अशी माहितीच या कारणाने नाकारता येते. प्रकरण प्रलंबित असणे हे त्या कायद्यात स्वतंत्र कारण म्हणून दिलेले नाही.

लिस पेंडन्स. कराडचा वाटपाचा दावा चालू असताना धाकट्याने जमीन तिसऱ्याला विकली तर काय? मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार ती विक्री रद्द होत नाही, पण खरेदीदारावर दाव्याचा निकाल बंधनकारक राहतो. महाराष्ट्रात येथे एक जादा पायरी आहे. मुंबई प्रांताच्या १९३९ च्या दुरुस्तीनुसार, दावा प्रलंबित असल्याची नोटीस नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली असेल तरच हे संरक्षण लागू होते. नोटिशीत मिळकतीचे वर्णन, मालकाचे नाव-पत्ता, न्यायालय, दाव्याचे स्वरूप व नाव आणि दाखल तारीख द्यावी लागते. इतर राज्यांचे निकाल वाचून ‘दावा लावला म्हणजे जमीन सुरक्षित’ असे समजणारा वादी इथे फसतो. दुय्यम निबंधकाकडे नोटीस नोंदवणे हे दावा दाखल करण्याच्या दिवशीचेच काम समजावे.

एक्स पार्टे आणि ॲड-इंटरिम. एकतर्फी आदेशाचे दोन प्रकार असून कागदावर शब्द एकच असतो. पहिल्यात दुसऱ्या पक्षाला अजून नोटीसच गेलेली नसते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत तात्पुरत्या मनाईचा अर्ज ‘निशाणी ५’ म्हणून ओळखला जातो. नोटीस देईपर्यंत हेतूच निष्फळ होणार असेल, तर कारणे नोंदवून न्यायालय नोटिशीआधी मनाई देते. संहितेच्या आदेश ३९ नियम ३-अ प्रमाणे अशा अर्जाचा निकाल मनाईपासून ३० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हायला हवा. दुसऱ्या प्रकारात समन्स मिळूनही प्रतिवादी हजर राहत नाही आणि दावा त्याच्या गैरहजेरीत चालतो. इंग्लंडने १९९९ च्या सुधारणांत ही संज्ञा सोडून पहिल्या प्रकाराला ‘नोटिशीविना’ असे साधे नाव दिले, ते योग्यच झाले. आपल्याकडे आदेशाचा मजकूर वाचूनच फरक समजतो.

फरकावर पुढचा उपाय अवलंबून असतो. नोटिशीविना झालेल्या मनाईविरुद्ध त्याच न्यायालयात हजर होऊन म्हणणे मांडता येते. गैरहजेरीत झालेला हुकूमनामा रद्द करून घ्यायचा, तर आदेश ९ नियम १३ खाली अर्ज करून समन्स रीतसर बजावले गेले नव्हते किंवा न येण्यास पुरेसे कारण होते, हे दाखवावे लागते. मुदत ३० दिवसांची. ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात, आणि समन्स रीतसर बजावलेच नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून.

ॲड-इंटरिम आदेश हा अंतरिम अर्ज ऐकेपर्यंतचा, अंतरिम आदेश साधारणतः दाव्याच्या निकालापर्यंतचा. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशात बहुधा ‘प्रार्थना कलम (क) प्रमाणे ॲड-इंटरिम दिलासा’ एवढेच असते, म्हणून मूळ याचिकेतील ते कलम शेजारी ठेवल्याशिवाय काय मिळाले ते कळत नाही. ‘पुढील तारखेपर्यंत’ असे शब्द असतील आणि त्या तारखेला आदेश पुढे चालू ठेवल्याची नोंद झाली नाही, तर संरक्षण संपले असे समोरचा म्हणू शकतो. वकिलाला त्या दिवशी पहिला प्रश्न हाच विचारावा. अशा आदेशांतील ‘प्रायमा फेसी’ निरीक्षणे तेवढ्या टप्प्यापुरती असतात. साक्षीपुरावा झाल्यावर तेच न्यायाधीश उलट निष्कर्ष काढू शकतात.

रूल. मुंबई उच्च न्यायालयाच्या रिट याचिकांत एका शब्दाचे वाक्य दिसते: ‘रूल’. हा ‘रूल निसी’चा उरलेला अर्धा भाग आहे. याचिका सुनावणीस दाखल करून घेतली, मागणी का मान्य करू नये याचे कारण प्रतिवादीने दाखवावे, असा त्याचा अर्थ. ‘रूल ॲब्सोल्यूट’ म्हणजे याचिका मान्य, ‘रूल डिस्चार्ज्ड’ म्हणजे फेटाळली. केवळ ‘रूल’ मिळाला म्हणून जिंकल्याचे पेढे वाटू नयेत.

प्रो बोनो. लोकहितार्थ, शुल्क न घेता केलेली वकिली. कागदपत्रांत ती सहसा वेगळी दिसत नाही, कारण असा वकील नेहमीसारखेच वकीलपत्र दाखल करतो आणि पक्षकाराला तितकाच उत्तरदायी असतो. निकालाच्या शेवटी कधी न्यायालय त्याची कृतज्ञतेने नोंद घेते. सुटते ती वकिलाची फी. न्यायालय शुल्क, प्रती, टंकलेखन यांचा खर्च वेगळा ठरवून घ्यावा लागतो.

प्रो बोनो वकिलीची विधी साहाय्याशी गल्लत करू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, कोठडीतील व्यक्ती इत्यादींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. तो हक्क आहे, वकिलाचे मानधन प्राधिकरण देते आणि न्यायालय शुल्काचा भारही त्यात येऊ शकतो. तिसरा तो अमिकस क्युरी, न्यायमित्र. त्याला न्यायालय नेमते आणि त्याची बांधिलकी न्यायालयाशी असते. वकील नसलेल्या आरोपीसाठी नेमला गेला तर मात्र बचावाचा सगळा भार त्याच्यावर येतो. घाईघाईने नेमलेल्या न्यायमित्राला त्याच दिवशी युक्तिवाद करायला लावल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अनोखीलाल प्रकरणात फाशीची शिक्षा रद्द केली आणि खटला नव्याने चालवण्यास सांगितले. जन्मठेप किंवा फाशीची शक्यता असलेल्या खटल्यात न्यायमित्राला किमान १० वर्षांचा अनुभव असावा आणि तयारीला साधारणतः किमान ७ दिवस मिळावेत, असे तेथे ठरले. अशा खटल्याच्या रोजनाम्यात म्हणूनच न्यायमित्राच्या नेमणुकीची तारीख आणि पहिल्या साक्षीदाराची तारीख शेजारी ठेवून पाहावी.

रेस ज्युडिकाटा आणि इन लिमिने. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ प्रमाणे, सक्षम न्यायालयाने त्याच पक्षकारांमध्ये ऐकून अंतिमतः निकाली काढलेला मुद्दा पुन्हा उकरता येत नाही. आधीच्या दाव्यात मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, असा बचावही गमावला जातो. कसोटी ‘ऐकून निकाली काढलेला’ या शब्दांत आहे. कराडचा वाद पुढे दिल्लीपर्यंत गेला आणि विशेष अनुमती याचिका ‘इन लिमिने’, म्हणजे उंबरठ्यावरच, कारणे न देता फेटाळली गेली, तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला असे होत नाही. अपील ऐकण्यास नकार मिळाला, एवढाच त्याचा अर्थ, हे कुन्हयम्मद प्रकरणात २००० साली स्पष्ट झाले. अशा नकारानंतरही उच्च न्यायालयात पुनर्विलोकन अर्ज करता येतो, मात्र त्यासाठी पुनर्विलोकनाची स्वतंत्र कारणे असावी लागतात.