अल्प ऊर्जा-उपलब्धता : व्यायाम, अपुरे खाणे आणि थांबलेली पाळी

अल्प ऊर्जा-उपलब्धता : व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या रोजच्या कामांसाठी पुरेशी ऊर्जा न उरणे. हृदयाचे ठोके, हाडांची झीज भरून काढणे, मासिक पाळी, रोगप्रतिकार ही सगळी कामे उरलेल्या ऊर्जेवर चालतात. ती कमी पडली की शरीर पुनरुत्पादन आणि हाडांची दुरुस्ती यांसारख्या कामांना आधी कात्री लावते. दीर्घकाळच्या अशा तुटीतून उद्भवणाऱ्या विकारसमूहाला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ‘रेड-एस’ हे नाव दिले. त्याआधी १९९० च्या दशकापासून ‘महिला खेळाडूंची त्रयी’ म्हणून अपुरे खाणे, बंद पाळी आणि ठिसूळ हाडे यांचा एकत्र विचार होत असे.

मोजणी साधी आहे. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरींमधून व्यायामाच्या कॅलरी वजा करायच्या आणि उरलेल्या आकड्याला चरबी सोडून उरणाऱ्या वजनाने भागायचे. निरोगी तरुण स्त्रीत हा आकडा किलोमागे सुमारे ४५ असावा. अमेरिकेतील अ‍ॅन लाउक्स आणि जीन थुमा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो ३० च्या खाली नेल्यावर अवघ्या पाच दिवसांत पाळीचे नियमन करणाऱ्या एलएच या संप्रेरकाची लय बिघडली. मात्र ३० ही सर्वांना लागू पडणारी रेघ नाही. काही जणींची पाळी त्याच्या वरच बिघडते, तर काहींची खालीही टिकते.

मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत या विकाराला एक स्थानिक वेळापत्रक लाभते. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून होते आणि ती जानेवारीत असते. म्हणजे सरावाचे सर्वांत कष्टाचे महिने सप्टेंबर ते डिसेंबर. याच काळात नवरात्र येते, मग मार्गशीर्षातले गुरुवार, आणि दर महिन्याची संकष्टी असतेच. मरीन ड्राइव्हला किंवा शिवाजी पार्कला पहाटे फक्त चहा घेऊन धावायचे, धावत घरी येऊन डबे भरायचे आणि लोकल गाठायची, अशा दिवसात पहिला नीट घास अनेकदा दुपारीच मिळतो. उपास हा मुळात दोषी नाही. साबुदाण्याची खिचडी भरपूर ऊर्जा देते. पण चंद्रोदयापर्यंत पोट रिकामे ठेवून त्याच पहाटे लांब धावणे शरीराला महाग पडते. दिवसाची बेरीज बरी दिसली तरी मधले तास फार तुटीत गेले, तर त्याचाही पाळीच्या बिघाडाशी संबंध आढळला आहे.

हिशेब उदाहरणाने पाहू. समजा, लालबागमधील ५२ किलो वजनाची, तिशीतली धावपटू आहे आणि तिचे चरबीविरहित वजन ३९ किलो आहे. ती पोटभर जेवते असे घरच्यांना वाटते, आणि रोजच्या १,६५० कॅलरींवर ते खरेही आहे: सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे किलोमागे ४२ कॅलरी उरतात. पण १२ किलोमीटर धावण्यात सुमारे ५६० कॅलरी जातात आणि आकडा २८ वर येतो. रविवारी २४ किलोमीटर धावून तिने १,९०० कॅलरी खाल्ल्या तरी उरतात जेमतेम २०. ताट थोडेच वाढले आहे, धाव बरीच वाढली आहे. १२ किलोमीटरच्या दिवशी ४५ पर्यंत पोचायला तिला जवळपास ६५० कॅलरी जास्त लागतील: धावण्याआधी एक केळे, परतल्यावर पेलाभर म्हशीचे दूध, तूप लावलेल्या दोन पोळ्या आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा. तिचे वजन मात्र महिनोन् महिने तेच राहू शकते, कारण शरीर थायरॉइडचे टी-३ कमी करून खर्च आवरते. म्हणून वजनाचा काटा इथे साक्षीदार म्हणून उपयोगाचा नाही.

सर्वांत स्पष्ट खूण पाळीच देते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पाळीचे संदेश मंद करतो, चक्र ३५ दिवसांपलीकडे लांबते आणि मग बंद होते. सलग तीन महिने पाळी न येणे, किंवा मुलीला पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच न होणे, ही तपासणीची वेळ होय. हे दुसरे चिन्ह जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब करणाऱ्या मुलींच्या पालकांनी ध्यानात ठेवावे. ‘खेळणाऱ्या मुलींना उशीर होतोच’ म्हणून ते सोडून देऊ नये. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीला दर महिन्याला होणारा रक्तस्राव गोळ्यांमुळे असतो. तो पाळी सुरळीत असल्याचा पुरावा नव्हे.

सर्वाधिक नुकसान मात्र चुकीच्या निदानाने होते, असे या नोंदलेखकाचे मत आहे. पाळी लांबली की घरात आणि शेजारात पहिला शब्द येतो तो ‘पीसीओडी’चा. सोनोग्राफीत अंडाशयात अनेक लहान पुटिका दिसल्या की शिक्का पक्का होतो आणि सल्ला मिळतो: वजन कमी कर, भात-साखर सोड, व्यायाम वाढव. पण अशा पुटिका ऊर्जेच्या तुटीनेही दिसू शकतात. मग उपचारच तूट वाढवतो. पीसीओडीत बहुधा पुरुषी संप्रेरके वाढलेली असतात. चेहऱ्यावर केस, मुरुमे दिसतात. तुटीत ती वाढलेली नसतात, एलएच आणि इस्ट्रोजेन खालावलेले असतात आणि गर्भाशयाचे अस्तर पातळ राहते. निदानाआधी गरोदरपण, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून इतर कारणे वगळावी लागतात. यात अंतःस्रावतज्ज्ञाचे मत मोलाचे ठरते. परळच्या केईएम रुग्णालयात (स्थापना १९२६) अंतःस्रावशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. आठवड्याला आपण किती किलोमीटर धावतो आणि केव्हा काय खातो, हे डॉक्टरांनी न विचारताही त्यांना सांगावे.

हाडांची कहाणी पाळीमागोमाग येते. पाळी बंद झालेल्या धावपटूंच्या मणक्यांची घनता पाळी सुरू असलेल्यांपेक्षा कमी असते, हे बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी १९८४ मध्ये दाखवले. अशा हाडाला रोजचे सूक्ष्म तडे भरून काढणे जमत नाही. नडगीत किंवा पावलाच्या हाडात बोट ठेवता येईल अशा एकाच जागी दुखते, एका पायावर उडी मारली की कळ येते, आणि पुढे रात्रीही ठणकते. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. शंका असल्यास एमआरआय लागतो. जांघेत दुखत असेल तर धावणे त्याच दिवशी थांबवावे. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेला तडा सरकला तर शस्त्रक्रिया करावी लागते. एका वर्षात अशी दुसरी दुखापत झाली, तर बूट किंवा रस्ता बदलण्याआधी ताट तपासावे.

पुरुषही यातून सुटत नाहीत. त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन उतरते, कामेच्छा मंदावते आणि सकाळचे लिंगताठरण कमी होते. पाळीसारखी उघड खूण नसल्याने निदान उशिरा होते.

उपचार म्हणजे अधिक खाणे आणि काही काळ कमी पळणे. खाणे साधारण २० ते ३० टक्क्यांनी टप्प्याटप्प्याने वाढवतात, आणि विश्रांतीच्या दिवशीही ते कमी करत नाहीत. खाण्याची भीती वाटत असेल तर आहारतज्ज्ञाबरोबर मानसोपचारतज्ज्ञही लागतो. पाळी परतायला कित्येक महिने जातात. हाडे सावरायला वर्षे लागतात आणि गमावलेली घनता पूर्ण परत येतेच असे नाही. पाळी आणण्यासाठी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी हाडे बळकट होत नाहीत. हाडाला तडा गेलेली स्त्री दुखणे थांबल्यावर आधी चालते, मग चालण्यात मिनिटभराची धाव मिसळते. पुन्हा कळ आली तर एक पायरी मागे जाते. अशा स्त्रीला जानेवारीची शर्यत सोडून पुढच्या वर्षीची नोंदणी करणे भाग पडू शकते.