दातवण, तेलाचा गुळणा आणि कोळशाची पूड

वर्धा जिल्ह्यातील खेड्यांत दात घासण्याच्या जुन्या साधनांमध्ये कडुनिंबाची काडी, तीळतेलाचा गुळणा आणि चुलीतला कोळसा किंवा राखुंडी यांची गणना होते. तिन्ही साधने एकाच मापाने मोजता येत नाहीत. प्रत्येकाचा पुरावा वेगळा आहे आणि धोकाही वेगळा.

तिन्हींत कडुनिंबाची बाजू सर्वांत भक्कम आहे. करंगळीएवढी जाड ओली काडी टोकाला चावली की तंतूंचा कुंचला होतो. तो हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलक्या हाताने फिरवला तर दातांवरचा चिकट थर निघतो, म्हणजे काम मुख्यतः घासण्याचे आहे. पानांच्या व सालीच्या अर्काने जिवाणूंची वाढ रोखली जाते, हे प्रयोगशाळेत दिसते. पण काचेतल्या अर्कावरून तोंडातल्या काडीचा गुण ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दातवणाची शिफारस केली आहे, असेही सांगितले जाते. ती मुख्यतः मिस्वाकबद्दल होती, आणि मिस्वाक पीलूच्या झाडाची असते. काडी दाढांच्या आतल्या बाजूला नीट पोहोचत नाही आणि जोरात आडवी घासली तर हिरडी मागे सरकते. घासताना रोज त्याच जागी रक्त येत असेल, तर हिरडी दाखवून घ्यावी. कडुनिंबाचे तेल मात्र मुलांच्या तोंडात कधीही घालू नये. ते पोटात गेल्याने लहान मुलांना उलट्या, झटके व बेशुद्धी आल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात नोंदलेल्या आहेत.

गुळण्याची परंपरा आयुर्वेदात कवल-गंडूष या नावाने जुनी आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात तीळतेलाने दातांवरचा थर व हिरड्यांची सूज कमी झाली. पण त्यात मुले होती अवघी वीस. असे अभ्यास लहान व थोड्या दिवसांचे असतात. तेलाने कीड थांबते, याचा पुरावा त्यांतून मिळत नाही. तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसाला सूज येऊ शकते, म्हणून लहान मुलांनी आणि गिळताना ठसका लागणाऱ्या वृद्धांनी गुळणा टाळावा.

कोळशाची बाजू सर्वांत कमकुवत आहे. २०१७ साली अमेरिकन दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील आढाव्यात त्याच्या फायद्याला किंवा सुरक्षिततेला पुरेसा आधार सापडला नाही. खरखरीत पूड दातांवरचे डाग खरवडते, म्हणून दात पांढरे दिसतात. त्यासोबत वरचे कवच झिजते, आणि ते पुन्हा उगवत नाही. काळी मशेरी तर भाजलेल्या तंबाखूची असते; दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे.

आजोबांचे दात शेवटपर्यंत टिकले, हा आक्षेप हमखास येतो. पण तेव्हा साखर कमी खाल्ली जाई, आणि ज्यांचे दात लवकर पडले त्यांचा दाखला कोणी देत नाही. विदर्भातील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड मुळातच जास्त आहे, हा फ्लोराइडयुक्त पेस्टवरचा आक्षेप अधिक रास्त. तेथे मुलांनी पेस्ट गिळू नये, हे विशेष जपावे. मात्र कीड रोखण्याचा सर्वांत मोठा पुरावा फ्लोराइडयुक्त पेस्टचाच आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी, तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरे. दातवण वापरायचेच असेल तर वापरावे, पण रात्री पेस्टने दात घासून झोपावे.