पांढऱ्या एकवीस, चॉकलेटी सात: गोळ्यांच्या पाकिटामागचा इतिहास

बिडकीनच्या एखाद्या आशाताईकडून मिळालेलं 'माला-एन'चं पाकीट हातात घ्या. त्यात २१ गोळ्या पांढऱ्या आणि ७ चॉकलेटी दिसतील. हे दोन रंग का आले, हे कळलं की गोळी चुकली तर काय करायचं तेही समजतं.

अमेरिकेत १९६० मध्ये पहिल्या गर्भनिरोधक गोळीला मान्यता मिळाली, तेव्हा गोळ्या साध्या बाटलीत यायच्या. पाळीच्या पाचव्या दिवसापासून २० दिवस रोज एक गोळी घ्यायची आणि मग थांबायचं. आज गोळी घेतली की नाही, हे बाटलीकडे बघून कळत नसे. यावरून डेव्हिड वॅग्नर या इंजिनिअरच्या घरी नवरा-बायकोत प्रश्नोत्तरं होऊ लागली. शेवटी त्यानं वार दाखवणारी गोल डबी बनवली आणि १९६२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला.

दिवस मोजण्याची कटकट मात्र उरलीच. २१ गोळ्यांनंतर ७ दिवस थांबून नेमक्या आठव्या दिवशी नवं पाकीट सुरू करायचं, हे विसरायला होई. म्हणून त्या सात दिवसांसाठीही गोळ्या आल्या. त्यांत हार्मोन नसतात. 'माला-एन'मध्ये त्या लोहाच्या असतात, कारण आपल्याकडे बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं.

माझ्याकडे आलेल्या एका ताईंचं उदाहरण बघा. पांढऱ्या गोळ्या रविवारी संपल्या. चॉकलेटी गोळ्या "फक्त ताकदीच्या" म्हणून त्यांनी सोडून दिल्या. गुरुवारी पाळी आली, मंगळवारी थांबली आणि बुधवारी त्यांनी नवं पाकीट उघडलं. लोह न घेतल्यानं गर्भनिरोधनात काही बिघडलं नव्हतं. पण नवं पाकीट सोमवारीच सुरू व्हायला हवं होतं, पाळी चालू असली तरी. सातऐवजी नऊ दिवस हार्मोनशिवाय गेले. एवढ्या काळात बीजकोश पुन्हा जागे होऊन बीज बाहेर पडू शकतं. मी त्यांना गोळ्या चालू ठेवून सात दिवस निरोध वापरायला सांगितलं आणि तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी करून घेतली. सुदैवानं दिवस गेलेले नव्हते.

चॉकलेटी गोळी विसरली तर ती टाकून द्या, पुढची वेळेवर घ्या. एक पांढरी विसरली तर आठवताच घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. दोन किंवा जास्त पांढऱ्या चुकल्या तर एक लगेच घ्या, रोजची चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. चूक शेवटच्या सात पांढऱ्यांत झाली असेल, तर पांढऱ्या संपताच चॉकलेटी न घेता थेट नवं पाकीट सुरू करा.

मेडिकलमधल्या दुसऱ्या कंपन्यांच्या पाकिटांत रंगांचा अर्थ वेगळा असू शकतो. काहींत २४ हार्मोनच्या आणि ४ साध्या असतात, तर काहींत प्रत्येक रंगात हार्मोनचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून रंगावर न जाता मागचा मजकूर वाचा आणि बाणाच्या दिशेनं चला. बीपी, अर्धशिशी, कावीळ किंवा अंगावरचं दूध पिणारं लहान बाळ असेल, तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.