गाव सोडल्यावर मिळालेले नाव

आमच्या युनियनच्या नोंदवहीत एकाखाली एक दोन पेडणेकर होते. मी त्यांना भाऊबंद समजलो आणि एकाच्या विधवेची मदत दुसऱ्याच्या हाती देणार होतो. तो म्हणाला, "भाऊ, आमचं गाव एक, जात वेगळी, कूळही वेगळं."

श्रोतेहो, 'कर' म्हणजे त्या गावचा, एवढेच. खुद्द पेडण्यात हे नाव निरुपयोगी, कारण तेथे सारेच पेडण्याचे. माणूस परमुलखात गेला, की शेजारी किंवा शाळेचे दप्तर ते त्याला चिकटवते. बाबासाहेबांचेच पाहा. घराणे सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील लष्करात, जन्म महूचा, १९०० साली शाळा साताऱ्याची. या फिरतीत सकपाळ मागे पडले. गावावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर हे रूप रूढ झाले. आंबडव्यातच राहते, तर सकपाळच राहिले असते.

मात्र गावकर पाहून गाव शोधू नये. गोव्या-कोकणात तो गावच्या मानकऱ्याचा हुद्दा होता.

नोंदवहीत आता मी वडिलांचे नाव आणि जुने कूळनावही लिहून घेतो.