पुण्यातील सायकल मार्ग

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. स्वयंचलित दुचाकी वाढल्यावर ही ओळख पुसट झाली. पुढे सातारा रस्ता व सोलापूर रस्ता येथे बीआरटीबरोबर सायकल मार्ग बांधण्यात आले आणि २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला.

अशा मार्गांची खरी कसोटी चौकात लागते. मार्ग चौकाआधीच संपल्यास सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराच्या पुढ्यातून डावीकडे वळणारी वाहने जातात. मार्गावर दुचाकी उभ्या असल्यास सायकलस्वार मुख्य रस्त्यावर, तर पदपथ अडल्यास पादचारी सायकल मार्गावर उतरतो. शिरस्त्राण पडल्यावर डोक्याची इजा कमी करते. धडक टाळण्यासाठी मात्र सलग मार्ग आणि रात्री मागचा लाल दिवा आवश्यक ठरतो.